वही परत कधी येते?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘ताई, तुम्ही एकोणतीस वर्षं गणित शिकवलं. आपल्या शिक्षकांविषयी बोला.’ सकाळपासून इथे बऱ्याच जणांनी आठवणी सांगितल्या. ऐकताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या शिक्षकांचं नाव निघालं की आपण सगळे एकदम सरसावून बसतो, त्यांच्याविषयी बोलताना प्रत्येक जण दोन वाक्यं हमखास बोलतो. पहिलं, ‘सर फार कडक होते.’ आणि लगेच दुसरं, ‘पण सरांचा आपल्यावर फार जीव होता.’ मधला तो ‘पण’ मला खटकतो. कडकपणा ही एक बाजू, माया ही दुसरी, आणि चांगल्या शिक्षकाकडे दोन्ही थोडी थोडी असतात, असा त्याचा अर्थ होतो. माझा अनुभव वेगळा आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला या दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नाहीत. माया असेल तरच त्याला कडकपणा सोसतो, आणि काही मागणी केली तरच त्याला माया खरी वाटते. हे कसं घडतं, तेवढंच आज सांगणार आहे.

आधी आपल्या ओळखीच्या चार प्रकारच्या शिक्षकांकडे पाहू. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात जुडिथ क्लाइनफेल्ड नावाच्या अभ्यासक बाईंनी वर्गात बसून शिक्षक पाहिले. त्यांचं लेखन 1975 साली प्रसिद्ध झालं. तिथल्या लहान आदिवासी खेड्यांतली मुलं पुढच्या शिक्षणासाठी मोठ्या गावातल्या शाळेत येत, आणि बरीच मुलं वर्गात गप्प बसून राहत. आपल्याला हे चित्र नवं नाही. वस्तीवरून, तांड्यावरून, आसपासच्या खेड्यांतून पोरं आष्टीच्या शाळेत आली की पहिले सहा महिने त्यांचं तोंड उघडत नसे. अशी मुलं कोणत्या शिक्षकापुढे बोलती होतात, हे क्लाइनफेल्डबाईंना शोधायचं होतं. त्यांनी प्रत्येक शिक्षकाविषयी दोन प्रश्न विचारले. हा माणूस मुलांशी जवळिकीने वागतो की अंतर ठेवून? आणि हा मुलांकडून अभ्यास मागतो की समजून घेऊन सोडून देतो?

त्यातून चार प्रकार निघाले. पहिला, अंतर ठेवणारा आणि अभ्यास मागणारा. हुशार मुलांचं त्याच्या हाताखाली भलं होतं, बाकीची त्याला टाळतात. दुसरा, अंतर ठेवणारा आणि काही न मागणारा. तो फळ्याकडे बघून शिकवतो, आणि मुलांना तो आठवतही नाही. तिसरा, जवळ घेणारा पण काही न मागणारा. हा मुलांना फार आवडतो. ‘जाऊ दे बाळा, तुझ्या घरी अडचण आहे, मला माहीत आहे,’ असं म्हणून तो गृहपाठ सोडून देतो. चौथा जवळही घेतो आणि सोडतही नाही. खेड्यातून आलेली मुलं याच चौथ्याच्या वर्गात हात वर करू लागली आणि अभ्यासाला भिडली, असं त्या बाईंना दिसलं.

यातल्या तिसऱ्या प्रकाराविषयी मला थोडं थांबून बोलायचं आहे. पहिल्याचं नुकसान सगळ्यांना दिसतं, तिसऱ्याचं कुणाला दिसत नाही. गरीब घरचं पोर आहे, कापसाच्या वेचणीला जातं, त्याला कशाला त्रास द्यायचा, असं म्हणताना शिक्षकाचं मन चांगलंच असतं. पण त्या पोराच्या कानावर वेगळंच पडतं. ‘शेजारच्या बाकावरच्याला सर परत लिहायला लावतात, मला लावत नाहीत. म्हणजे माझ्याकडून व्हायचं नाही, हे सरांनी ओळखलंय.’ या वयात पोरं असा हिशेब फार पटकन करतात, आणि तो कुणाला बोलून दाखवत नाहीत. दहावीला गणितात नापास झालेला मुलगा त्या प्रेमळ सरांना रस्त्यात भेटला तर अजूनही वाकून नमस्कार करतो. पण नमस्कार झाला तरी त्याचं गणित राहिलंच.

आता महाराष्ट्रातलं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेते. साने गुरुजी 1924 ते 1930 अशी सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. शाळेच्या छात्रालयाचं कामही त्यांच्याकडे होतं. ते मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत, अंथरुणं नीट करत, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे त्यांची मायाळू मूर्तीच येते. पण याच गुरुजींनी छात्रालयात हाताने लिहिलेलं दैनिक चालवलं. त्याचं नाव ‘छात्रालय दैनिक’. दिवसभर वर्ग घ्यायचे आणि त्यावर मुलांसाठी रोज नवा मजकूर लिहून काढायचा. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही काढलं. गणित, भूगोलापलीकडचं जग खानदेशातल्या खेड्यांतून आलेल्या पोरांना समजू शकतं, त्यांनी ते वाचलं पाहिजे, असं धरून चालल्याशिवाय कुणी रोज एवढं लिहीत नाही. मुलांचे कपडे धुणं आणि त्यांच्यासाठी दैनिक लिहिणं ही मला एकाच माणसाची एकच कृती वाटते. त्यांनी पोरांची अंथरुणं घातली, पण पोरांना लहान समजून त्यांच्यापुढचं वाचन लहान केलं नाही.

एवढं मोठं उदाहरण दिलं की माझ्यासारखी साधी शिक्षिका म्हणते, आपण काही साने गुरुजी नाही. म्हणून आता वहीच्या एका पानावर येते. तेवढं तर प्रत्येक शिक्षकाच्या हातात असतं.

नववीचा माझा वर्ग होता, पटावर अठ्ठावन्न मुलं. भूमितीत एक प्रमेय येतं, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज 180 अंश असते. मी ते घरून लिहून आणायला सांगितलं होतं. एका मुलाने पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, आणि सिद्धतेच्या जागी एक नीट त्रिकोण काढून कोनमापकाने तिन्ही कोन मोजले. 70, 60 आणि 50. बेरीज 180. खाली लिहिलं, ‘म्हणून सिद्ध झाले.’ हा मुलगा शेवटच्या बाकावर बसायचा, बोलायचा नाही, आणि आधीच्या दोन चाचण्यांत जेमतेम पास झालेला होता.

या पानावर शिक्षक तीन प्रकारे लिहू शकतो. पहिला, लाल शाईची फुली आणि ‘चूक. पाच वेळा लिहून आण.’ मुलगा मार्गदर्शकातून पाच वेळा उतरवून आणतो आणि त्याला काहीही कळत नाही. दुसरा, ‘छान प्रयत्न’ आणि चारपैकी दोन गुण. मुलगा खूश होतो, वही बंद होते, आणि मोजणं म्हणजेच सिद्ध करणं असं तो दहावीपर्यंत समजत राहतो. तिसरा मी लिहिला होता, तो असा: ‘तू मोजलंस ते एका त्रिकोणाचं. तुझं माप बरोबर आहे. पण जगातल्या सगळ्या त्रिकोणांचं असंच असेल, हे न मोजता कसं सांगशील? वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढ आणि व्युत्क्रम कोनांच्या जोड्या शोध. एवढं लिहिलं, कारण माझी तुझ्याकडून अपेक्षा मोठी आहे आणि ती तू पुरी करशील याची मला खात्री आहे. शुक्रवारी वही दाखव.’

या मजकुरात चार गोष्टी आहेत. त्याचं काय बरोबर आहे, ते खरंखरं सांगितलं. कुठे अडतंय, ते नेमकं सांगितलं. उत्तर न देता पुढची एक पायरी दाखवली. आणि एवढी शाई आपण का खर्च करतोय, त्याचं कारण सांगितलं. ही चौथी गोष्ट शिक्षक कधी लिहीत नाहीत, कारण त्यांना ती उघडच वाटते. मुलाला ती उघड नसते. लाल शाईने भरलेलं पान पाहिलं की मुलासमोर दोन अर्थ असतात. एक, ‘मॅडमला मी ढ वाटतो.’ दुसरा, ‘मॅडमला वाटतं मला हे जमेल.’ ज्या मुलाच्या वाट्याला आजवर फक्त पहिला अर्थ आला, तो दुसरा अर्थ आपणहून लावत नाही. तो कुणीतरी सांगावा लागतो.

याची नीट परीक्षाही झालेली आहे. डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका शाळेत सातवीच्या मुलांना निबंध लिहायला लावले. शिक्षकांनी नेहमीसारखे शेरे देऊन ते तपासले. मग अर्ध्या निबंधांना एक चिठ्ठी जोडली. तिचा आशय असा की, हे शेरे देतोय कारण माझी तुझ्याकडून अपेक्षा फार मोठी आहे आणि तू ती पुरी करू शकशील हे मला माहीत आहे. उरलेल्या निबंधांवर साधी चिठ्ठी होती: तुला तुझ्या लिखाणावर अभिप्राय मिळावा म्हणून हे शेरे. कोणाला कोणती चिठ्ठी गेली, हे शिक्षकांना माहीत नव्हतं. मग मुलांना सांगितलं, हवं तर निबंध सुधारून परत द्या, सक्ती नाही. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी शंभरात सुमारे 17 जणांनीच निबंध परत दिला. दुसरी चिठ्ठी मिळालेल्यांत हेच प्रमाण सत्तरच्या पुढे गेलं. गोऱ्या मुलांत फरक कमी पडला, कारण शाळेवर त्यांचा विश्वास आधीपासूनच जास्त होता. हा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. मुलं थोडी होती, चाळीस-पंचेचाळीसच. म्हणून आकडा घट्ट धरून बसू नका, पण दिशा लक्षात ठेवा. शाळा आपली नाही असं ज्याला वाटतं, त्याच्यावरच त्या एका ओळीचा सगळ्यात जास्त परिणाम झाला.

आता माझ्या मुलाकडे परत येऊ. शुक्रवारी वही आली नाही. दिवाळीनंतरचे दिवस होते, आणि आपल्याकडे दिवाळीनंतर कापूस फुटलेला असतो. तो तीन दिवस आईबरोबर वावरात होता. शिक्षकाची खरी कसोटी इथे लागते. इथे रागावलं तर पोर म्हणतं, मॅडमला माझं घर कळत नाही. इथे सोडून दिलं तर पोर म्हणतं, मॅडमची खात्री शुक्रवारपुरतीच होती. मी त्याला एवढंच विचारलं, ‘वेचणी अजून किती दिवस आहे?’ तो म्हणाला, ‘आठवडाभर आहे, मॅडम.’ मी म्हटलं, ‘मग पुढच्या मंगळवारी, मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात. वही घेऊन ये.’ म्हणजे दिवस बदलला, वेळ बदलली, पण प्रमेय तेच राहिलं. माया कुठे दाखवायची आणि मागणी कुठे धरून ठेवायची, याचा माझा नियम हाच होता. वेळ, जागा, मदत यांत वाटेल तेवढं सैल व्हावं. कामाच्या दर्जात सैल होऊ नये.

मंगळवारी तो आला. समांतर रेषा काढलेली होती, कोनांच्या जोड्याही बरोबर होत्या. पण ‘हे कोन समान आहेत’ एवढंच लिहिलं होतं, कारण लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, ‘समान आहेत हे तुला दिसतंय. न बघणाऱ्याला कसं पटवशील?’ त्याने तिथेच उभ्या उभ्या कंसात ‘व्युत्क्रम कोन’ लिहिलं. मग शेवटची पायरी अडली. सरळ रेषेवरच्या तीन कोनांची बेरीज 180 का, हे त्याला सांगता येईना. मी तेही सांगितलं नाही, दोन दिवस दिले. तिसऱ्या खेपेला पान पुरं झालं. मी खाली सही केली आणि वर्गात त्याला ते प्रमेय फळ्यावर लिहायला लावलं. एका पानाला तीन खेपा आणि सगळे मिळून माझी वीस-पंचवीस मिनिटं लागली.

‘अठ्ठावन्न वह्या अशा कधी तपासायच्या?’ असं माझे सहकारी विचारायचे, आणि ते बरोबरच विचारायचे. मी सगळं तपासत नव्हते. रोज सहा वह्या, प्रत्येक वहीतला एकच प्रश्न, पण तो पुरा. एका वहीला पाच-सहा मिनिटं लागत. दहा दिवसांत वर्गाची एक फेरी व्हायची. बाकीचं काम मुलं फळ्यावरून आपापसात तपासत. सगळ्या वह्यांवर बरोबरच्या खुणा करत बसण्यापेक्षा हे वेळेतही बसतं.

हे फसतं कुठे, तेही सांगायला हवं. नाहीतर आजच्या भाषणानंतर इथले तरुण शिक्षक उद्या सगळ्या वह्यांवर ‘माझी खात्री आहे’ असा शिक्का मारतील. शिक्का झाला की ते संपतं. पोरं मधल्या सुट्टीत वह्या जुळवून बघतात, आणि सगळ्यांना तीच ओळ असेल तर तिला कुणी विचारत नाही. ती ओळ नेमक्या शेऱ्याच्या मागे उभी असेल तरच खरी वाटते.

दुसरं, पाया कच्चा असेल तर नुसती खात्री देणं हा जुलूम होतो. ज्या मुलीला अपूर्णांक येत नाहीत, तिला ‘तुला वर्गसमीकरण जमेल’ म्हणून घरी पाठवलं, तर ती रात्री रडते आणि सकाळी दुसऱ्याची वही उतरवते. तिच्यासाठी पायरी लहान करायची, मुक्काम तोच ठेवायचा. आधी तीन आठवडे अपूर्णांक, आणि हे अपूर्णांक आपण त्या समीकरणासाठीच करतोय, हे तिला रोज सांगायचं.

तिसरं, माया दोन-चार लाडक्यांपुरती राहिली तर बाकीच्या वर्गाला ती अपमानासारखी लागते. म्हणून माझ्या सहा वह्या हजेरीच्या क्रमाने असत, आवडीने नसत.

आणि चौथं छडीविषयी. आपल्यापैकी बरेच जण अभिमानाने म्हणतात, ‘सरांनी मारलं म्हणून आम्ही घडलो.’ शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि त्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली, हे तर आहेच. पण कायदा बाजूला ठेवून आठवून बघा. छडी तर बऱ्याच शिक्षकांच्या हातात होती. त्यांच्यातल्या सगळ्यांची नावं आज निघाली का? ज्यांची निघाली, त्यांनी छडीशिवाय आणखी काय केलं होतं, ते आठवा. कुणी संध्याकाळी घरी बोलावून बीजगणित समजावलं, कुणी परीक्षेच्या अर्जाला पैसे भरले, कुणी वडिलांना वावरात जाऊन भेटलं. आपण घडलो ते त्यामुळे. छडी सोबत होती एवढंच.

मग शिक्षकाने, किंवा घरी आई-वडिलांनी, आपलं वागणं योग्य चाललंय हे ओळखायचं कसं? गुणांवरून लवकर कळत नाही, त्याला वर्ष लागतं. मी तीन खुणा बघायचे. पहिली, चूक दाखवल्यावर वही दुसऱ्यांदा, न मागता, परत येते का? दुसरी, मूल ‘मला येत नाही’ म्हणायचं सोडून ‘मला इथपर्यंत आलं, पुढे अडलं’ असं म्हणतं का? तिसरी, चुकलेलं पान ते लपवतं की दाखवतं? पान फाटलेलं असेल, खोडरबराने भोक पडेपर्यंत खोडलेलं असेल, किंवा अक्षर अचानक शेजाऱ्यासारखं सुंदर झालेलं असेल, तर समजावं की मागणी पोहोचली पण माया पोहोचली नाही. आणि वही रोज हसत समोर येते, पण तीच चूक तिसऱ्या महिन्यातही तशीच आहे, तर समजावं की माया पोहोचली आणि मागणी राहून गेली.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, ती लपवून चालणार नाही. वेचणी, ऊसतोडीला जाणारं घर, पंधराव्या-सोळाव्या वर्षी ठरणारं लग्न, यांच्यापुढे वहीतल्या शेऱ्याचं बळ कमी पडतं. माझ्या वर्गातल्या काही मुली दहावीच्या परीक्षेलाही बसू शकल्या नाहीत, आणि त्यांच्या वह्या चांगल्या होत्या. तिथे शिक्षकाला वहीतून उठून घरापर्यंत जावं लागतं, आणि गावाने त्याच्याबरोबर यावं लागतं. आपण आज इतके जण जमलो आहोत. शाळेला देणगी द्यायची म्हणून खोलीच्या, रंगाच्या, प्रवेशद्वाराच्या गोष्टी सकाळपासून चालल्या आहेत. त्या जरूर कराव्यात. माझी सूचना लहान आहे. आपल्यातले जे गावात किंवा परतूरला राहतात, अशा दहा-बारा जणांनी वेचणीच्या दोन महिन्यांत संध्याकाळी सात ते आठ शाळेची एक खोली उघडी ठेवावी. दिवसा ज्यांचा अभ्यास बुडतो त्या मुलांनी तिथे वही घेऊन यावं, आणि आपण प्रत्येकाने रोज दोनच वह्यांवर नीट, पुरं लिहावं. त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही. समोरच्या पोराला हे जमेल असं मनापासून वाटावं लागतं, आणि जमेपर्यंत वही परत परत मागण्याची तयारी लागते.

ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नाव द्यावं. सोमवारी मुख्याध्यापकांशी बोलून खोली आणि दिवे यांचं ठरवू.